पुसट पानावरचं ‘कु’ आणि त्यापुढची दोन अक्षरं

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नांदेड आणि लातूरकडचे बरेच जण आज ऐकत आहेत. गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडे घरोघरी जुनी कागदपत्रं शोधणं चालू आहे, तेव्हा विषय त्यातलाच घेतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी शोधायचं काम सुरू झालं. तहसीलच्या अभिलेख कक्षातले रुमाल सुटले, पानं स्कॅन झाली. तोवर ज्यांना खासरा पत्रक म्हणजे काय हे माहीत नव्हतं, त्यांच्याही मोबाइलमध्ये एखादं मोडी किंवा उर्दू पान येऊन पडलं. मग ते पान कुणीतरी मोडी वाचणाऱ्याकडे जातं आणि सोबत प्रश्न येतो, “सर, एवढं वाचून देता का?”

आरक्षणाच्या वादावर मी आज बोलणार नाही. मला फक्त त्या वाचणाऱ्याबद्दल बोलायचंय. पान पुसट आहे, मधले चार शब्द लागत नाहीत, समोरचा माणूस उत्तराची वाट बघतोय. अशा वेळी नेमकं लिहून काय द्यायचं?

एक ओळ उदाहरण म्हणून घेऊ. ओळ मी बनवलेली आहे, त्यातली नावं कुणाची नाहीत. पण अशा ओळी तुम्ही पाहिल्या असतील. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावाची मोडी नोंदवही आहे. ओळीत सुरुवातीला ‘माधव वलद खंडू’ हे स्वच्छ वाचता येतं. वलद म्हणजे मुलगा, हे आपल्याकडच्या मंडळींना सांगायला नको. त्याच्या पुढच्या रकान्यात ‘कु’ दिसतं आणि मग एक करडा डाग. डागानंतर ‘राहणार’, मग गावाचं नाव, त्यातलं शेवटचं ‘गाव’ तेवढं लागतं. शेवटी वर्ष: १३, मग एक गिचमीड आकडा, मग ७, आणि ‘फसली’.

पान पाठवणाऱ्याच्या मनात उत्तर तयार असतं. ‘कु’ म्हणजे कुणबी, आणखी काय असणार? खरं सांगायचं तर वाचणाऱ्याच्या मनातही तेच येतं, कारण दिवसभर त्यानं तोच शब्द शोधलेला असतो. आता जरा थांबून अक्षरं मोजा. कुणबी: कु, ण, बी. तीन अक्षरं. कुंभार: कुं, भा, र. तीही तीनच. मोडी लिहिणारा अनुस्वार बऱ्याच वेळा देतच नाही, त्यामुळे ‘कुं’वरचा टिंब नाही म्हणून कुंभार नाही, असंही म्हणता येत नाही. डागाखाली दोन अक्षरांची जागा आहे आणि दोन्ही शब्द तिथे अगदी बेतून शिवल्यासारखे बसतात. दोन्ही जातीच आहेत, म्हणजे रकान्याच्या मथळ्यानंही काही सुटत नाही. जागा भरते म्हणून शब्द बरोबर, हा युक्तिवाद इथे पुरता कोसळतो.

मग काहीच करता येत नाही का? येतं की. पण आधी हा डाग आला कुठून ते बघू. डाग कागदावर आहे की फक्त फोटोत आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

नोंदवहीचं पान समजा तेरा इंच उंच आहे. कुणीतरी त्याचा फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला. व्हॉट्सअ‍ॅप तो दाबून लहान करतं, लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर येते. म्हणजे इंचाला सव्वाशेच्या आसपास ठिपके. तीन मिलिमीटर उंचीचं अक्षर घेतलं तर त्याच्या वाट्याला चौदा-पंधरा ठिपके येतात. तेवढ्यात मोठं वळण कळतं. पण अर्ध्या मिलिमीटरचा टिंब जेमतेम दोन ठिपक्यांचा उरतो. त्यात फोटो दाबण्याची जी पद्धत असते ती आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करून बारीक तपशील पुसते. त्या चौकोनात दोन ठिपक्यांचा अनुस्वार कुठे टिकणार? तेच पान ३०० डीपीआयला स्कॅन केलं तर अक्षराला पस्तीस ठिपके मिळतात आणि टिंबाला सहा. कागद तोच, शाई तीच. म्हणून पहिलं उत्तर पुष्कळदा वाचनाचं नसतंच, ते असतं: “फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर मूळ स्कॅनची फाइल द्या.” पुसट फोटोवर मोबाइलच्या ॲपमधून धार वाढवली की काही जणांना वाटतं आता दिसायला लागलं. त्यात नवी माहिती काही येत नाही. जे करडं होतं ते काळं होतं, आणि करड्यातली कागदाची सुरकुतीही अक्षरासारखी काळी होते.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण गोष्ट फार बोलकी आहे. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल नावाच्या जर्मन संगणक अभ्यासकाच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत आहेत. घराच्या नकाशात खोल्यांची क्षेत्रफळं होती, ती मूळ कागदावर एक आणि स्कॅनमध्ये दुसरीच. कारण असं की फाइल लहान व्हावी म्हणून यंत्र सारख्या दिसणाऱ्या आकृत्या एकच समजून एक नमुना सगळीकडे चिकटवत होतं. सहाच्या जागी आठ, तोही स्वच्छ, ठसठशीत. पुसट सहा असता तर वाचणारा थबकला असता. स्वच्छ आठ बघून कोण थबकणार? अंदाजानं भरलेला शब्द अगदी हेच करतो. डाग होता तोवर पुढच्या माणसाला शंका घ्यायला जागा होती. तुम्ही टाइप करून ‘कुणबी’ लिहिलंत की डाग गेला. पुढे ते लिप्यंतर प्रतिज्ञापत्राला जोडलं जातं, तिथून फाइलमध्ये जातं, आणि तिसऱ्या टेबलावर पोचेपर्यंत मूळ पानावर डाग होता हे कुणाला माहीतही नसतं.

आता आपल्या ओळीकडे परत येऊ. समजा बरं स्कॅन मिळालं, तरीही डाग आहे. म्हणजे तो कागदावरचा आहे. इथून पुढे दोन वेगवेगळी कामं आहेत आणि ती एकमेकांत मिसळू द्यायची नाहीत. पहिलं काम, डागाच्या आत शाईचा जो काही अवशेष दिसतो तो वाचणं. दुसरं, डागाच्या बाहेरच्या गोष्टींवरून आत काय असावं याचा तर्क करणं. पहिलं लिप्यंतरात जातं. दुसरं गेलंच तर टिपेत जातं, आणि टीप आहे हे दिसेल असं जातं.

पहिलं काम कसं होतं बघा. मोडी लिहिणारा आधी ओळभर डोक्यावरची रेघ मारून घेतो आणि मग तिला अक्षरं लटकवतो, शब्द सुटेही करत नाही. त्यामुळे रेघ दिसली म्हणजे अक्षर होतं असं नाही. रेघ मोकळ्या जागेवरूनही गेलेली असते. पण रेघेच्या वर काही गेलेलं असलं तर ते कामाचं. ‘कुणबी’मध्ये शेवटी वेलांटी आहे, तिचा फराटा रेघेच्या वर येतो. ‘कुंभार’मध्ये वर जाणारं काही नाही, अनुस्वार दिला असलाच तर तो सुरुवातीला, शेवटी नाही. तेव्हा डागाच्या उजव्या टोकाला रेघेच्या वर वळणाचा अवशेष खरंच दिसत असेल, तर पारडं कुणबीकडे झुकतं. उलटं मात्र म्हणता येत नाही हं. वर काही दिसत नाही म्हणून कुंभार, असं नाही. डागात वेलांटीही गेली असेल. असलेली खूण बोलते, नसलेली खूण बोलत नाही.

मग त्याच कारकुनाचं अक्षर त्याच वहीत दुसरीकडे बघायचं. तो वेलांटी कशी ओढतो, ‘ण’ कसा काढतो, ‘भ’ला किती जागा घेतो. पाच-सात ठिकाणचे नमुने काढून शेजारी ठेवले की डागातला तुकडा कशाशी जुळतो ते कळतं. हे पूर्ण रास्त आहे, कारण इथे आपण त्याचा हात ओळखतोय. पण मंडळी इथून एक पाऊल पुढे जातात आणि तिथेच घात होतो. वरच्या चार ओळींत कुणबी लिहिलंय, खालच्या तीन ओळींत कुणबी लिहिलंय, म्हणून मधल्या ओळीतही कुणबीच. शेजारच्या ओळीत काय लिहिलंय हा शेजारच्या ओळीचा पुरावा. गावात सगळे एका जातीचे नसतात, म्हणून तर हा रकाना होता. अगदी सख्ख्या भावाची ओळ स्वच्छ सापडली तरी ती स्वतंत्र नोंद म्हणून द्यायची, तिचा पान क्रमांक द्यायचा. ती या डागात उचलून ठेवायची नाही. नातं सिद्ध करून त्या नोंदीचा आधार घ्यायचा की नाही, हे ठरवणारी माणसं वेगळी आहेत.

‘कु.’ असा नुसता संक्षेप असला तर काय, हे लोक हमखास विचारतात. ‘कु.’ असेल तर ‘कु.’च लिहायचं. वहीच्या सुरुवातीला कारकुनानं खुलासा दिला असेल तर त्या पानाचा उल्लेख टिपेत करा. आणि रकाना नीट बघा. शाळेच्या प्रवेश नोंदवहीत मुलीच्या नावाआधीचं ‘कु.’ म्हणजे कुमारी. स्कॅन तिरकं असलं की नावाच्या रकान्यातलं ते कु. जातीच्या रकान्यात सरकल्यासारखं दिसतं.

आता वर्ष. १३, गिचमीड, ७ फसली. आपल्या देवनागरी आकड्यांत ३ आणि ६ हे पुसट झाले की मोठे फसवे. पोटाची दिशा तेवढी उलटी, आणि डागात दिशाच आधी जाते. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे ते वर्ष ज्यात सुरू झालं तो. १३३७ असेल तर १९२७-२८. १३६७ असेल तर १९५७-५८, म्हणजे हैदराबाद संस्थान संपून, राज्य पुनर्रचना होऊनही वर्ष गेलेलं. एका आकड्यानं तीस वर्षांचा फरक पडला. समजा आधीच्या पानावर १३३६ स्वच्छ आहे आणि पुढच्या पानावर १३३८, आणि वही क्रमानं भरलेली आहे. मग ते १३३७ असणार हा तर्क भक्कम आहे, मी स्वतः त्यावर विश्वास ठेवीन. तरी लिप्यंतरात आकड्याच्या जागी प्रश्नचिन्हच राहील आणि टिपेत लिहीन: “आधीच्या व नंतरच्या पानांच्या क्रमावरून १३३७ संभवते.” कारण उद्या असं निघालं की बांधणाऱ्यानं पानं उलटसुलट शिवली आहेत, तर माझा तर्क पडेल, पण वाचन पडणार नाही.

उर्दू पानांबद्दल थोडक्यात. बे, पे, ते, से या अक्षरांचा सांगाडा एकच, फरक फक्त नुक्त्यांचा. घाईच्या लिखाणात नुक्ते आधीच गाळलेले, उरलेले स्कॅननं खाल्लेले. मग गावाच्या नावाचे चार-चार उच्चार संभवतात. तिथे गावांची यादी शेजारी घेऊन बसा, पण यादीतलं गाव दिसलं म्हणून पानात घालू नका. “सांगाड्यावरून ही तीन गावं संभवतात” असं लिहा.

लिहायची पद्धत कुठून घ्यायची? शिलालेख वाचणाऱ्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. १९३१ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे ग्रीक-लॅटिन लेखांच्या अभ्यासकांनी खुणा ठरवल्या. शंकास्पद अक्षराखाली टिंब, नष्ट झालेला मजकूर चौकोनी कंसात, किती अक्षरं गेली ते कळत असेल तर तितके ठिपके. आपल्याला एवढं सगळं लागत नाही. पण एक गोष्ट तिथून जरूर घ्या: नाही आणि नाही यांत फरक असतो. शाई आहे पण लागत नाही, हे ‘अवाचनीय’. कागदच फाटलाय, तिथे ‘फाटलेले’. आणि कारकुनानं लिहिलंच नाही, रकाना मोकळा, तिथे ‘कोरे’. तिन्ही ठिकाणी नुसती आडवी रेघ मारली तर वाचणाऱ्याला तिन्ही सारखीच वाटतात. कोऱ्या रकान्याचा अर्थ फार वेगळा असू शकतो. शिवाय कोरा रकाना हा नंतर कुणीतरी भरू शकेल असा रकाना असतो, म्हणून तो आज कोरा होता याची नोंद राहणं बरं.

आता प्रत्यक्ष उत्तर. मी असं लिहून देईन:

“आपण पाठवलेल्या स्कॅनमधील पान १२, ओळ ७ वाचली. ‘माधव वलद खंडू’ हे स्पष्ट आहे. पुढील रकान्यात ‘कु’ स्पष्ट. त्यापुढे अंदाजे दोन अक्षरांची जागा डागामुळे अवाचनीय. त्या जागेत कुणबी व कुंभार हे दोन्ही शब्द बसू शकतात. या स्कॅनवरून निवड करता येत नाही. गावाचे नाव: सुरुवातीची अंदाजे दोन अक्षरे अवाचनीय, शेवट ‘गाव’. वर्ष १३?७ फसली, तिसरा अंक ३ किंवा ६. क्रमावरून १३३७ संभवते. मूळ पान पाहायला मिळाल्यास किंवा त्याचा अधिक चांगला फोटो मिळाल्यास डागाचा भाग पुन्हा वाचता येईल.”

एवढंच. माणूस निराश होतो, मला ठाऊक आहे. पोराचा प्रवेश अडलेला असतो, शेवटची तारीख जवळ आलेली असते. पण त्याचं पुढे काय होतं तेही बघा. जातीचा दाखला मिळाला तरी गोष्ट जात पडताळणी समितीपुढे जाते. तिथे मूळ नोंद काढून बघतात, दक्षता पथक अभिलेख कक्षात जाऊन वही उघडतं. महाराष्ट्राच्या २००० सालच्या कायद्यात चुकीचा दाखला रद्द होण्याची, त्यावर मिळालेला प्रवेश किंवा नोकरी जाण्याची तरतूद आहे. लिप्यंतरात ‘कुणबी’ आणि वहीत डाग, असं निघालं तर त्या घराच्या बाकीच्या खऱ्या कागदांकडेही संशयानं बघितलं जातं. उलट बाजूही सांगतो, कारण तीही पाहण्यात येते. वादाच्या भीतीनं काही जण लागणारं अक्षरसुद्धा ‘अवाचनीय’ म्हणून सोडून देतात. वेलांटी दिसतेय तर ‘वेलांटीचा अवशेष दिसतो’ असं लिहायलाच हवं. जास्त वाचणं जेवढं खोटं, तेवढंच हेही.

वाचन दोघांनी करावं, आणि दुसऱ्याला पहिल्याचं उत्तर कळू देऊ नये. एकदा कुणी म्हटलं “कुणबी आहे बघा”, की डोळ्याला तेच दिसतं, मग कितीही निरखा. पान पाठवणाऱ्यालाही मी सांगतो, तुम्हाला काय हवंय ते आधी सांगू नका, नुसतं पान आणि ओळ पाठवा.

आता दोन प्रश्न आलेत, ते घेतो.

लातूरहून एक ताई विचारतात: “तहसीलमध्ये आमची वही एवढीच आहे म्हणतात. दुसरी प्रत कुठे असू शकते?” ताई, लातूर जिल्हाच मुळात १६ ऑगस्ट १९८२ चा. त्याआधी तो उस्मानाबाद जिल्ह्यात. आणि अहमदपूर, उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. म्हणजे तुमच्या गावाचे निजामकालीन कागद लातुरात नसतील तर धाराशिवला असू शकतात, बीदरला असू शकतात, वरच्या पातळीवरचे हैदराबादच्या अभिलेखागारात असू शकतात. नांदेडकरांनाही हेच. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबादमध्ये होतं. अर्ज करताना गावाचं नाव त्या वेळच्या तालुक्यासह आणि जिल्ह्यासह लिहा, नाहीतर “आढळून आले नाही” असं उत्तर येतं आणि ते त्यांच्या दृष्टीनं खरंच असतं.

दुसरा प्रश्न नांदेडचा: “मूळ पान बघायला मिळालं तर काय करायचं? डाग तर तिथेही असणार.” असणार, पण तो डाग कसला ते कळतं. पान सपाट ठेवा, खिडकीचा उजेड बाजूनं तिरका येऊ द्या, फ्लॅश मारू नका. बोरूचा दाब कागदावर राहिलेला असेल तर तिरक्या उजेडात त्याची सावली पडते. पान उलटून मागची बाजूही टिपा. मागून उमटलेली शाई पुढे उलट्या अक्षरासारखी दिसते आणि पुष्कळदा ‘अक्षराचा अवशेष’ म्हणून आपण तीच वाचत असतो. पाणी किंवा तेल लावून उजळवायला जाऊ नका, काजळीची शाई पाण्यानं पसरते. एखाद्या संस्थेकडे अवरक्त कॅमेरा असेल तर काजळीच्या शाईला तो फार उपयोगी, वरचा डाग फिका होतो आणि काजळी काळी राहते. लोहाच्या शाईचं उलट आहे, ती त्यात फिकी पडते, तिला अतिनील उजेड बरा. शाई कुठली ते आधी ठरवा, मग कॅमेरा शोधा.